डबीत मावणारं सोनं

तीन महिन्यांच्या बाळाला मान नसते, ही गोष्ट अजून एकाही सराफाच्या लक्षात आलेली नाही. हनुवटी संपते तिथेच छाती सुरू होते. मधल्या घडीत दुधाचा सुकलेला ओघळ, पावडरीचा लगदा आणि दुपट्याचा एखादा धागा एवढाच ऐवज सापडतो. नेमकी तिथेच साखळी घालायची, असा आपला आग्रह. मनगट म्हणावं तर तिथे दोन वळ्या आणि त्यांच्यामध्ये घाम. बोटं मुठीत असतात आणि मूठ तोंडात असते. कानाच्या पाळ्या तेवढ्या उघड्यावर असतात, पण बाळ जागं असताना त्या हाती लागत नाहीत. अशा एवढ्याशा देहावर बारशाच्या दिवशी मामाची साखळी, आत्याची अंगठी, दोन्हीकडच्या आज्यांच्या मनगट्या आणि शेजारच्या काकूंचं ‘काही नाही हो, एक ग्रॅमचं पदक’ असं सगळं चढवायचं असतं.

त्यात तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेला. आपण सोनं देणं थांबवलं नाही, फक्त डाग हलके केले. पूर्वी मामा एकच देत असे, पण ते हातात धरल्यावर कळायचं. आता तो तेवढ्याच पैशात पोकळ मण्यांची, केसासारख्या कड्यांची साखळी आणतो. वजन कमी झालं, संख्या तीच राहिली, आणि प्रत्येक वस्तू इतकी लहान आणि पातळ झाली की बाळाच्या तोंडात ती सहज जावी. सोनं महाग झाल्याचे तोटे वर्तमानपत्रं रोज छापतात. हा तोटा मात्र मी अजून कुठे वाचलेला नाही.

आमच्या घरी हा प्रश्न फाशापाशी येऊन अडला. नातवाच्या बारशाला काय करायचं यावर आमच्या मंडळींचं आणि सूनबाईचं एकमत होतं, म्हणजे दोघींनाही साखळीचा फासा चांगला हवा होता. चांगला म्हणजे काय, हे विचारण्याची मला दुर्बुद्धी झाली. मंडळींच्या मते चांगला फासा तो, की जो काही केल्या सुटत नाही. सूनबाईच्या मते चांगला तो, की जो जरा ओढ बसली की सुटतो. एकीला सोनं हरवण्याची भीती, दुसरीला बाळ अडकण्याची. दोन्ही भीती खऱ्या आणि फासा एकच.

सूनबाई लग्नाआधी पुण्यात खेळण्यांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत होती. त्यामुळे आमच्या घरात आलेला प्रत्येक खुळखुळा आधी आरोपी असतो. तिनेच मला सांगितलं, की २०२१ च्या १ जानेवारीपासून आपल्याकडे खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोची खूण सक्तीची आहे. तीन वर्षांखालच्या मुलाचं खेळणं असेल तर त्याचे सुटे भाग एका ठरावीक मापाच्या नळकांड्यात टाकून बघतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर. तळ तिरपा, म्हणून खोली एका बाजूला पंचवीस आणि दुसऱ्या बाजूला सत्तावन मिलिमीटर. हे माप साधारण लहान मुलाच्या घशाचं. वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावली, तर ती घशात अडकू शकते आणि ते खेळणं नापास होतं.

“म्हणजे दहा रुपयांच्या शिट्टीला परीक्षा आहे,” मी म्हणालो, “आणि पंचवीस हजारांच्या साखळीला?”

“साखळीला हॉलमार्क आहे, बाबा. तो सोनं किती शुद्ध ते सांगतो. घशाचं त्यात काही नसतं.”

प्रयोगशाळेचं नळकांडं घरी नव्हतं. पण माळ्यावर माझ्या जुन्या हॉटशॉट कॅमेऱ्याची पिशवी होती आणि तिच्यात फिल्मच्या रिळाची काळी डबी. मोजून पाहिली तर व्यास जवळपास तेवढाच. ती पर्समध्ये टाकून आम्ही तिघं आणि पाळण्यातले महाराज गुजरीत गेलो. अंबाबाईच्या देवळाजवळची ही पेठ कोल्हापूरकरांच्या चार पिढ्यांची लग्नं उरकून बसली आहे. आमचे अण्णा सोनार तिथेच.

अण्णांनी निळी मखमल पसरून बाळलेणी मांडली. सूनबाईने शेजारी डबी ठेवली. अण्णांना वाटलं, हिच्यात जुनं सोनं आहे, मोडीला आणलंय. ते तराजू सरसावून बसले.

अंगठी डबीत गेली. पदक गेलं. साखळी तर वेटोळं घालून आत निवांत बसली. कानातल्या बाळ्या गेल्या, मनगटीचं सुटं घुंगरू गेलं, काळे मणी गेले. मखमलीवर उरले फक्त दोन कडे. मंडळी इतका वेळ गप्प होत्या, त्या म्हणाल्या, “डबीत मावतंय म्हणून घालायचं नाही? अगं, मावतंय ते बरंच की. एका जागी राहील!”

अण्णा हसले नाहीत. ते जुन्या घडणीतले कारागीर आहेत आणि त्यांना कोडं आवडतं. त्यांनी साखळी बाहेर काढली, तिचं तोंड बोटांत धरलं आणि आमची फाशांची शाळा भरवली.

गळ्यातल्या साखळीला त्यांच्याकडे मुख्यतः दोन तऱ्हांची तोंडं होती. एक आकडा. इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची तार, दोन्हीकडच्या कड्या तिच्यात ओवायच्या. वापरून आकड्याचं तोंड थोडं पसरलं की साखळी कुठल्याही क्षणी गळते, मग पाळण्यात, दुपट्यात किंवा बाळाच्या मुठीत सापडते. दुसरा चिमट्याचा फासा. अंगठ्याने दाबला तर उघडतो, सोडला की आतल्या स्प्रिंगने मिटतो. ही स्प्रिंग सोन्याची नसते, सोनं असं परत उसळत नाही. हा फासा ओढून सुटत नाही. त्याचा तो गुण आणि तोच दोष.

“मग ओढ बसली की तुटेल अशी साखळी द्या,” सूनबाई म्हणाली.

“ताई, ते कुणाच्या हातात नाही. एक कडी डाखाने जोडली की ती केव्हा तुटेल हे सोनं ठरवतं. दोन ग्रॅमची पातळ साखळी एखाद वेळी बोटाने ताणली तरी सुटेल आणि एखाद वेळी पोराचं वजन पेलेल. मी लिहून देणार नाही.”

हे उत्तर मला आवडलं. परदेशात दात येणाऱ्या बाळांच्या गळ्यात घालायच्या मण्यांच्या माळांबद्दल २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पालकांना सावध केलं, ते अशाच कारणाने. एका दीड वर्षाच्या मुलाला झोपेत तसल्या माळेचा फास बसून तो गेला होता. ती माळ सोन्याची नव्हती, पण दोर गुंतला की तो सोन्याचा की सुताचा हे गळ्याला कळत नाही. पाळण्याचा खुंटा, कपड्याचं बटण, दुसऱ्या मुलाचा हात, काहीही पुरतं. गळ्यात घालायच्या वस्तूला सुरक्षित फासा नसतो, हे अण्णांनी एका सोनाराला शोभणार नाही इतक्या सरळपणे मान्य केलं. साखळी घ्यायचीच तर फोटोपुरती घाला आणि लगेच काढा, म्हणाले. मंडळींनी नाराजीने साखळी बाजूला ठेवली, पण अगदी बाजूला नाही. मखमलीच्या कडेला, हाताशी.

अंगठीवर वाद झालाच नाही. दोन कारणं होती. बाळाचं बोट एका महिन्यात बदलतं, आणि सुजलं किंवा भरलं की अंगठी खाली येत नाही. आणि ते बोट दिवसातले बरेच तास तोंडात असतं. मंडळी म्हणाल्या, “आत्याला वाईट वाटेल.” मी म्हणालो, “तिला नाव ठेवायला मिळतंय ना, तेवढ्यावर भागेल.” विषय संपला.

कानांचं प्रकरण मात्र लांबलं, कारण तिथे सगळं उलट. गळ्यात फासा सुटावा असं वाटत होतं, कानात सुटू नये. कानातलं सुटलं की ते खाली पडतं, आणि बाळाच्या खाली पडलेली वस्तू फार वेळ खाली राहत नाही. अण्णांनी चार जोड काढले. पहिली बारीक तारेची बाळी, टोक कडीत अडकवायची. उघडायला सोपी, म्हणजे बाळालाही सोपी. दुसरी तीच जुनी पद्धत, सोन्याच्या तारेनेच कान टोचायचा आणि टोकं पिळून ठेवायची. ती सुटत नाही, पण पिळाचं टोक कानामागच्या कातडीला टोचत राहतं आणि बाळ कुशीवर झोपलं की जास्तच. तिसरं दाबाचं बटण, दांडीवर फुलपाखरू सरकवायचं. सदऱ्यात डोकं घालताना ते फुलपाखरू उडून जातं, ही तक्रार घरोघरी. चौथी फिरकी, म्हणजे दांडीला मळसूत्राचे आटे आणि त्यावर फिरवून बसवायची चकती.

फिरकी घ्यायची, यावर एकमत झालं. पण फिरकी म्हटली म्हणजे काम झालं असं नाही, अण्णा म्हणाले. बावीस कॅरेटचं सोनं मऊ, त्याचे आटे झिजतात. त्यांनी एक जोड उचलून फिरकी निम्मी बसवली आणि ती सरळ ओढली. ती फिरून नाही, घसरून बाहेर आली. तो जोड त्यांनी गल्ल्याखालच्या मोडीच्या डब्यात टाकला. दुसरा जोड घेतला. फिरकी चार-पाच पूर्ण फेरे घेऊन बसली, अर्ध्यावर ओढली तरी हलली नाही. “हे बघायचं दर महिन्याला. फेरे कमी झाले की आणा, आटे पुन्हा पाडून देतो. मजुरी घेणार नाही.” शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून म्हणाले, बहुधा माझा चेहरा बघून.

मग दांडीची लांबी. नवीन टोचलेली पाळी दोन-तीन दिवस सुजते. फिरकी आधीच घट्ट असेल तर सूज तिच्यावर चढते आणि फिरकी कातडीत रुतते. मागून बघितल्यावर चकती दिसेनाशी झाली, पाळी लाल आणि चकाकती दिसली, बाळ त्या कुशीवर झोपेना, की डॉक्टरांकडे जायचं, घरी ओढाओढी करायची नाही. म्हणून पाळी आणि फिरकी यांच्यात एक-दोन मिलिमीटर मोकळी जागा हवी आणि कानातलं हाताने सहज गोल फिरलं पाहिजे. आजीबाई सैल फिरकी पाहिली की घट्ट करतात. त्यांना त्या कामापासून दूर ठेवणं हा या दागिन्याच्या देखभालीचा सर्वांत अवघड भाग आहे.

पुढच्या भागाला साधी गोल टिकली निवडली. खडा नको, कारण खडा धरणाऱ्या नख्या आधी दुपट्यात अडकतात आणि नंतर खडा सोडतात. चिकटवलेला मोती नको, कारण तो डिंकावर राहतो आणि बाळाच्या कानामागे घाम आणि लाळ दोन्ही असतात. लोंबतं काही नको. दोन्ही टिकल्या मिळून एक ग्रॅमच्या आसपास भरल्या. मंडळींनी त्यांच्यावर हॉलमार्क कुठे म्हणून भिंग मागितलं. नव्हता. दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही, अण्णांनी समजावलं. मला गंमत वाटली. बाळाच्या अंगावर जाणारं बहुतेक सोनं दोन ग्रॅमच्या आतलंच, म्हणजे त्याची शुद्धता अण्णांच्या शब्दावर आणि पावतीवर. म्हणून पावतीवर कॅरेट, वजन आणि मजुरी वेगवेगळी लिहून घेतली. कॅडमियमचा डाख नको हेही सांगितलं. अण्णा जरा दुखावले. हल्ली तसला डाख कोण लावतंय, म्हणाले, पण बाजारात काही पाट्यांवर अजून ‘केडीएम’ अभिमानाने लिहिलेलं असतं, हेही त्यांनीच सांगितलं.

कान कधी टोचायचे, यावर मंडळी म्हणाल्या, आत्ता, अण्णांच्या हातूनच, म्हण आहे तशी. सूनबाई म्हणाली, चौदा आठवड्यांची लस होऊ दे. धनुर्वाताची पहिली तीन इंजेक्शनं सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात, आणि डॉक्टर साधारणपणे ती होऊ द्या म्हणतात. बाळ तेरा आठवड्यांचं. मंडळींनी बोटांवर हिशेब केला आणि एका आठवड्यासाठी सुनेशी भांडण नको म्हणून उदार झाल्या. कानातली घेतली, कान राहिले.

आता उरले कडे. मखमलीवर तेच एकटे डबीत न मावणारे, म्हणून मंडळींनी विजयी मुद्रेने उचलले. “हे बघ, तुझ्या डबीत जात नाहीत.” सूनबाईने तो कडा हातात घेतला, त्याला लटकवलेली दोन घुंगरं चिमटीत धरून हलवली आणि कडीत एक ओढ दिली. एक घुंगरू तिच्या चिमटीतच राहिलं. तिने ते डबीत टाकलं. टुक् असा आवाज झाला. अण्णांनी घुंगरं कापून दिली.

माप घेण्याची पद्धत मला माहीत नव्हती. अण्णांनी पावतीपुस्तकाच्या कागदाची बारीक पट्टी कापून बाळाच्या मनगटाभोवती गुंडाळली आणि जिथे मिळाली तिथे पेनने खूण केली. साडेदहा सेंटिमीटर. मग मापाच्या लाकडी दांड्यावरचे आकडे दाखवले. बांगडीचं माप इंचात आणि इंचाच्या सोळाव्या भागात असतं. एक-चार म्हणजे एक इंच आणि चार सोळांश, सव्वा इंच. तिचा आतला घेर दहा सेंटिमीटर, बाळाच्या मनगटापेक्षाही कमी. एक-सहाचा घेर अकरा, म्हणजे आज बसेल आणि महिन्याभरात रुतेल. एक-आठचा आतला व्यास अडतीस मिलिमीटर, घेर बारा सेंटिमीटर. मनगट आणि कडा यांच्यात करंगळी सहज जायला हवी. एक-आठात ती जात होती.

“पण बंद कडा देऊ नका,” सूनबाई म्हणाली. बंद कडा आज तेल लावून बाळाच्या मऊ हातावरून चढतो. चार महिन्यांनी हात भरला की तेल, साबण, आजीचा हात आणि बाळाचं रडणं एवढं सगळं लावूनही उतरत नाही. उघड्या तोंडाचा हवा, म्हणजे थोडा फाकवून काढता येतो. फक्त त्याची दोन्ही टोकं गोल मण्यांसारखी घडवलेली हवीत आणि मणी डाखाने लावलेले नकोत, कड्याच्याच तारेचे ठोकून घडवलेले हवेत. दोन टोकांमधली फट बाळाच्या दुसऱ्या हाताचं बोट अडकणार नाही इतकी लहान. सोनं मऊ आहे म्हणून कडा सहज फाकतो. पण रोज फाकवत राहिलं तर एका जागी तो थकतो आणि भेगाळतो. म्हणून काढायचा तर टोकं वरखाली पिळून काढायची, बाहेरच्या बाजूला ओढून नाही.

आता वजन. मंडळींना भरीव हवा होता, निदान दोन मिलिमीटर जाडीचा, अंगावर दिसला पाहिजे. अण्णांनी कागदावर गणित मांडलं आणि मला ते पटलं. घेर साधारण साडेबारा सेंटिमीटर, तार दोन मिलिमीटर जाड, बावीस कॅरेटचं सोनं पाण्याच्या सतरा-अठरा पट जड. एक कडा सात ग्रॅमचा. दोन म्हणजे चौदा. बाळाला हात कुठे न्यायचा ते अजून कळत नाही, हात जातो तो स्वतःच्या कपाळावर आणि नाकावर, आणि त्याच्या टोकाला सात ग्रॅम धातू असतो. दुसरा पर्याय पोकळ कडा. दिसायला तेवढाच जाड आणि वजनाला दोन-अडीच ग्रॅम. पोकळ कड्याला बाळाच्या नव्या दाताने पोचा पडतो, पोच्यावर सांध्याचा डाख उघडतो आणि तिथे पत्र्याची धार तयार होते. ती धार हिरडीपाशी. सूनबाई म्हणाली, “पोकळ नाही आणि जडही नाही, असं काही आहे का?” दीड मिलिमीटरची भरीव तार. गणित पुन्हा केलं. एक कडा चार ग्रॅमच्या आत. दोन मिळून आठ. दिसायला बारीक, पण दाताने पोचा पडत नाही, धार येत नाही. शिवाय दोन ग्रॅमच्या वरचा डाग म्हणून त्याला हॉलमार्कची सक्ती, आणि कड्यावर सहा अक्षरांचा क्रमांक. मंडळींनी भिंग पुन्हा मागितलं, क्रमांक वाचला आणि काय वाचलं ते कळलं नसतानाही मान डोलावली.

काळ्या मण्यांच्या मनगटीबद्दल मात्र मंडळी ऐकेनात. दृष्ट लागते. इथे सूनबाईने वाद घातला नाही. बारशाला एक मनगटी घातली जाईल, पण नायलॉनच्या दोऱ्यात गाठ मारून नाही, मणी सोन्याच्या तारेत पक्के ओवून, आणि बाळ झोपण्याआधी निघेल. नायलॉनची गाठ हळूहळू सरकते आणि तुटली की सगळे मणी एकदम सुटतात. दोरा बोटाला गुंडाळला गेला तर बोट निळं पडेपर्यंत घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. दृष्टीला काळा रंग पुरतो, दोऱ्याचा शास्त्रात उल्लेख नाही, असं मी शास्त्र न वाचताच ठणकावून सांगितलं. चाललं.

आता राखणीचा मुद्दा. ‘आम्ही सगळे आहोत ना लक्ष ठेवायला’ हे वाक्य बारशाला जितके लोक येतात तितक्यांदा म्हटलं जातं. तीस माणसं लक्ष ठेवणार म्हणजे कुणीच ठेवणार नाही, कारण प्रत्येकाचं लक्ष मोबाइलच्या पडद्यातून असतं आणि पडद्यात बाळाची डावी बाजू येत नाही. म्हणून सूनबाईने एकच माणूस नेमला. मी. काम असं की दागिने घालायच्या आधी मोजायचे, काढल्यावर पुन्हा मोजायचे आणि मध्ये बाळ कुणाच्या मांडीवर गेलं तरी मागे जायचं. पाजताना, तेल लावताना, अंघोळीत, गाडीत आणि झोपताना अंगावर काहीच नाही. पाळणा हलवून झाला, आत्याने कानात कुर्र केलं, फोटो निघाले, की सगळं उतरवून थेट डब्यात. आत्या म्हणाली, “बाबा, तुम्ही पोलीस झालात.” मी मान्य केलं.

या कामात चुकलं तर काय होतं ते मला ऐकून ठाऊक होतं. आमच्या एका चुलतबहिणीच्या मुलाने बाळपणी फिरकी गिळली होती. रडला नाही, खोकला नाही, दूधही प्यायला. एक्स-रेमध्ये पोटात फिरकी झळकत होती, सोनं तिथे लपत नाही. डॉक्टर म्हणाले, बोथट आहे, आपोआप बाहेर येईल, फक्त लंगोट बघत राहा. तीन दिवस सासूबाईंनी जी तपासणी केली तितकी काळजीपूर्वक तपासणी त्या घरात आधी कधी झाली नव्हती. फिरकी मिळाली. ती पुन्हा कानात गेली की नाही, हा प्रश्न त्यांच्याकडे अजूनही विचारायची सोय नाही. पण ही नशीबवान गोष्ट. दांडी टोकदार असती तर डॉक्टरांनी वाट बघायला सांगितलं नसतं. वस्तू अन्ननलिकेत अडली तर बाळ लाळ गाळत राहतं आणि दूध नाकारतं. ती श्वासनलिकेत गेली तर एकदम ठसका लागतो, आवाज बसतो किंवा श्वासाला शिट्टी येते. तसं झालं तर दवाखाना, तेही धावत. आणि खोकता किंवा रडता येईनासं झालं तर मधल्या वेळात एक वर्षाखालच्या बाळाला पालथं, डोकं खाली करून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. बोट घालून चाचपायचं नाही. न दिसणारी वस्तू त्याने आत ढकलली जाते, आणि घरात प्रत्येकाला आधी बोटच सुचतं.

तर गुजरीत आम्ही पैसे चुकते केले. एक-आठचे दोन कडे, मिळून एक ग्रॅमच्या दोन टिकल्या आणि अखेर ती साखळीही, कारण मंडळींनी मखमलीच्या कडेवरून ती उचलली आणि म्हणाल्या, “फोटोला घालीन आणि लॉकरमध्ये ठेवीन. मुंजीत निघेल.” सूनबाई गप्प बसली. लॉकरमध्ये गळा नसतो.

जाताना अण्णांनी डबीकडे पाहिलं. “ही इथेच राहू दे का? गिऱ्हाइकाला दाखवायला बरी पडेल.” मी ठेवली. दुकानाच्या पायऱ्या उतरतो न उतरतो, तोच एक जोडपं बाळाला घेऊन आत गेलं. बाईने पदकाला हात लावला. अण्णांनी डबी पुढे केली, पदक आत टाकून दाखवलं, डबी बंद केली आणि कानाशी धरून वाजवली. मग खालचा खण उघडला आणि अगदी काळजीच्या आवाजात म्हणाले, “ताई, डबीत न मावणारंही आहे माझ्याकडे. साडेआठ ग्रॅमचं. दाखवू?”